टोकन देण्याआधी विचारा : मध्येच खोली सोडली तर किती कापणार?

उधव्याच्या घरातला मुलगा कामाला लागला, की पाठोपाठ खोलीचा प्रश्न येतो. आपल्या तलासरी भागातून पोटापाण्यासाठी बोईसर, उंबरगाव, वापी नाही तर सिल्वासा गाठावे लागते. रात्रपाळी असली की रोजचे जाणे-येणे जमत नाही. मग तिथेच खोली बघायची. त्या वेळी आईबाप भाडे विचारतात, डिपॉझिट विचारतात, पाणी किती वेळ येते, लाइटबिल वेगळे आहे का, हेही विचारतात. पण ठरल्या मुदतीआधी खोली सोडावी लागली तर काय होईल, हे विचारायचे बहुधा राहून जाते. आज आम्ही तेवढ्याच प्रश्नाविषयी लिहीत आहोत.

भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यातच पुष्कळदा 'लॉक-इन' नावाची अट असते. लॉक-इन म्हणजे जितके महिने खोली सोडता येणार नाही, असे ठरलेले महिने. त्याआधी सोडली तर दंड. हा दंड कुठे उरलेल्या महिन्यांचे भाडे असतो, कुठे एक महिन्याचे भाडे, तर कुठे सगळे डिपॉझिट जप्त. नोटिशीची अट याहून वेगळी. खोली सोडण्याआधी किती दिवस कळवायचे, एवढेच ती सांगते. 'एक महिन्याची नोटीस दिली की झाले' असे समजून माणूस सही करतो आणि लॉक-इनमध्ये अडकतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, उधव्याचा एक मुलगा बोईसरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. खोलीचे भाडे महिना 5,000 रुपये, डिपॉझिट 20,000, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. 1 जूनला तो राहायला गेला. ऑगस्टच्या शेवटी ठेकेदाराचे काम संपले, मुलाला घरी बसवले. त्याने 31 ऑगस्टला खोली रिकामी केली. लॉक-इनचे तीन महिने उरले, त्याचे 15,000 रुपये. नोटीस दिली नाही, म्हणून आणखी 5,000. झाले 20,000. म्हणजे सगळे डिपॉझिट गेले. दलालाला एक महिन्याचे भाडे दिले असेल, तर तेही गेले. नोकरी गेली त्याच महिन्यात घरातले 20,000 रुपयेही गेले.

हाच करार थोड्या वेगळ्या शब्दांत झाला असता तर? लॉक-इन तीन महिन्यांचे असते, तर 31 ऑगस्टला ते पुरे झाले असते आणि फक्त नोटिशीचे 5,000 कापले गेले असते. किंवा लॉक-इन सहा महिन्यांचेच, पण 'नोकरी गेल्यास एक महिन्याचे भाडे एवढाच दंड, नोटीसही त्यातच धरली जाईल' अशी ओळ असती, तरी 15,000 हाती परत आले असते. खोली तीच, भाडे तेच. म्हणून आमचे म्हणणे असे, की नोकरी जितके महिने पक्की, त्याहून लांब लॉक-इन मान्य करू नये. ठेकेदाराचे काम सहा महिन्यांचे असेल, तर अकरा महिन्यांच्या लॉक-इनला सरळ नाही म्हणावे.

आणखी एक बारकावा आहे. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते का, हे विचारावे. पाचवा महिना संपताच नोटीस देता आली, तर सहा महिन्यांनी मोकळे होता येते. 'लॉक-इन संपल्यावरच नोटीस' असे असेल, तर सहाचे सात महिने होतात.

लॉक-इन कोणावर आहे, हेही पाहावे. पुष्कळ कागदांत बंधन फक्त राहणाऱ्यावर असते, मालक मात्र महिन्याच्या नोटिशीने खोली खाली करायला सांगू शकतो. अट दोघांवर सारखी असेल, तर तिचा आपल्याला उपयोगही होतो. मुले तिथल्या शाळेत घातली असतील, तर परीक्षा होईपर्यंत मालकाने उठवू नये, हे त्याच अटीत लिहून घेता येते.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 74 सांगते, की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवून ठेवली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते आणि ती ठरलेल्या रकमेहून जास्त असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास या खटल्यात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. तेव्हा पंधरा दिवसांत मालकाला दुसरा भाडेकरू मिळाला असेल, तर त्याचे खरे नुकसान तीन महिन्यांचे झाले नाही, असे आपल्याला म्हणता येते. पण वाजवी किती, हे शेवटी न्यायालय ठरवते. डिपॉझिट मालकाच्या हाती असते आणि पंधरा हजारांसाठी खाडे करून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे कामगाराला परवडत नाही. म्हणून बोलणी टोकन देण्याआधीच झाली पाहिजेत. एकदा टोकन दिले, की आपली बाजू लंगडी पडते.

तोंडी कबुलीवर विसंबू नये. 'अहो, तसे लिहिलेय, पण आम्ही कापत नाही,' असे मालक म्हणाले, तर ती ओळ खोडून मागावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. नोंदणी झाली, की मात्र कागदावर असेल तेच चालते. हल्ली एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि 'इथे अंगठा लावा' म्हणतो. अंगठ्याआधी कागद मागून वाचावा. लॉक-इनची ओळ बहुधा शेवटी, 'इतर अटी' या मथळ्याखाली सापडते. कागद इंग्रजीत असेल, तर वाचता येणाऱ्या माणसाला एक दिवस आधी दाखवावा.

उधव्याच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावे. सिल्वासा, वापी आणि उंबरगाव महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे आपला 1999 चा कायदा लागत नाही. 1872 चा करार कायदा मात्र तिथेही आहे. म्हणून हद्दीपलीकडे खोली घेताना कागदावरचा शब्द अधिकच जपावा.

तर मालकाला किंवा दलालाला पाच गोष्टी विचाराव्यात. लॉक-इन किती महिन्यांचे? ते दोघांवर आहे का? आधी सोडल्यास नेमके किती रुपये कापणार? नोटीस लॉक-इनमध्ये देता येते का? उरलेले डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि कराराच्या कागदाशी ताडून पाहावीत. शिवाय एवढी ओळ करारात घालायला सांगावी: 'राहणाऱ्याची नोकरी गेल्यास किंवा बदली झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही. एक महिन्याचे भाडे वजा करून उरलेले डिपॉझिट खोलीचा ताबा देताना परत केले जाईल.' मालक एक महिन्याच्या जागी दोन महिने म्हणाले, तरी रक्कम आधी कळते आणि तेवढे पैसे बाजूला ठेवता येतात. आकडा सांगायलाच तयार नसतील, तर टोकन खिशातच ठेवावे आणि दुसरी खोली बघावी.