पैसा किती वर्षांत मोकळा होतो?

घनसावंगी तालुक्यातील एका एकत्र कुटुंबात सहा लाख रुपये गुंतवायचे होते आणि दोन भावांची मते दोन दिशांना होती, असे समजावे. धाकट्याला भाड्याने चालविण्यासाठी मळणीयंत्र घ्यायचे होते, तर थोरल्याला मोसंबीची बाग लावायची होती. धाकट्याचे म्हणणे थोडक्यात असे : “दादा, यंत्राचे पैसे तीन वर्षांत मोकळे होतात. बाग सात वर्षे घेणार. मग विचार कसला करायचा?”

या युक्तिवादामागे प्रकल्प-मूल्यमापनाची एक जुनी पद्धत उभी आहे. तिला परतफेड कालावधीची पद्धत म्हणतात. गुंतविलेली मूळ रक्कम किती वर्षांत परत येते एवढेच ती मोजते आणि ज्याचा कालावधी लहान तो प्रकल्प निवडते. समजण्यास सोपी असल्यामुळे ती व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे.

दोन्ही प्रस्तावांचे अंदाज कागदावर असे होते. यंत्रापासून खर्च वजा जाता पहिली तीन वर्षे दरवर्षी दोन लाख रुपये मिळतील. चौथ्या वर्षी विक्रीच्या किमतीसह एक लाख मिळतील आणि तेथे व्यवहार संपेल. बागेपासून पहिली चार वर्षे काहीच शिल्लक राहणार नाही, कारण आंतरपिकाचे उत्पन्न देखभालीतच जाईल. पाचव्या वर्षी एक लाख, सहाव्या वर्षी दोन लाख आणि सातव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत दरवर्षी तीन लाख मिळतील. परतफेडीचा कालावधी यंत्राचा तीन वर्षे आणि बागेचा सात वर्षे. धाकट्याचे गणित बरोबरच होते.

परंतु या गणितात दोन उणिवा आहेत. पहिली ही, की तिसऱ्या वर्षी मिळणारे दोन लाख आणि आज हातात असलेले दोन लाख ते सारखेच मानते. कर्जाचे व्याज बारा टक्के असेल, तर तीन वर्षांनंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य सुमारे ७१ पैसे भरते. दुसरी उणीव ही, की मुद्दल वसूल झाल्यानंतर काय मिळते याकडे ही पद्धत पाहतच नाही. बागेची ऐन बहराची वर्षे तिच्या हिशेबात येतच नाहीत.

आता निव्वळ वर्तमान मूल्याच्या पद्धतीने पाहावे. तीत प्रत्येक वर्षाची आवक बारा टक्के दराने आजच्या मूल्यात आणून तिच्या बेरजेतून गुंतवणूक वजा करतात. यंत्राची बेरीज ५.४४ लाख होते, म्हणजे मुद्दल तीन वर्षांत परत येऊनही ५६ हजारांची तूट राहते. बागेची बेरीज सुमारे ९.६८ लाख होते, म्हणजे ३.६८ लाख अधिक. ज्या व्याजदराला ही शिल्लक शून्य होते, त्याला अंतर्गत परतावा दर म्हणतात. तो यंत्राचा सुमारे सात टक्के येतो, बागेचा अठरा टक्क्यांच्या जवळपास. बारा टक्क्यांनी कर्ज काढून सात टक्क्यांनी कमावणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

तरीही धाकट्याची धास्ती पोकळ नव्हती. जालना जिल्ह्याने २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या आहेत. समजा, बाग आठव्या वर्षानंतर पाण्याअभावी वाळली. साध्या गणिताने मुद्दल सातव्या वर्षीच परत आलेले असेल, परंतु वर्तमान मूल्यात बेरीज केवळ ४.१५ लाख होईल आणि तूट सुमारे १.८५ लाख. व्याज धरून मुद्दल खरोखर सुटते ते दहाव्या वर्षी. म्हणून खरा प्रश्न असा की विहिरीचे पाणी किमान दहा उन्हाळे पुरेल काय? ३.६८ लाखांचा आकडा अकरा बहरांच्या गृहीतकावर उभा आहे, हे विसरता कामा नये.

म्हणूनच परतफेड कालावधी टाकून देण्याजोगा नाही. पैसा किती काळ धोक्यात अडकून राहणार, हे तो सांगतो. ज्या घराला तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी रोकड हवी आहे, त्याला ही माहिती मोलाची आहे. परंतु व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. तो निर्णय वर्तमान मूल्याने घ्यावा. परतफेडीचा कालावधी त्याशेजारी धोक्याची नोंद म्हणून लिहून ठेवावा.

त्या भावांपुढे तिसरा मार्गही होता : मळणीयंत्र घेऊ नये, आधी उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याची मोजणी करावी आणि ते पुरेल तेवढ्याच क्षेत्रावर ठिबकसह बाग लावावी. मोसंबी क्षेत्राच्या प्रमाणात लहान झाली, तर खर्च आणि आवक दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. परताव्याचा दर मात्र साधारण तोच राहतो आणि बाग वाळण्याची भीती कमी होते.