‘योग्य तो न्याय मिळावा’ म्हणजे नेमके काय?

वस्त्यांमधून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे लोक जी गाऱ्हाणी घेऊन येतात, त्यांत सदोष वस्तूंची गाऱ्हाणी थोडी नसतात. कार्यकर्ता अर्ज लिहून देतो. त्यात विक्रेत्याच्या मुजोरीचे वर्णन असते, ग्राहकाच्या हालअपेष्टांचे वर्णन असते आणि शेवटी एक ठरलेले वाक्य असते: ‘तरी मेहेरबान होऊन योग्य तो न्याय मिळावा.’ अर्ज दुबळा होतो तो नेमका या वाक्यामुळे. अन्याय काय झाला ते त्यात आलेले असते. तो दूर कसा करावयाचा, ते ठरविण्याचा अधिकार मात्र ज्याने अन्याय केला त्याच्याच हाती सोपविलेला असतो. आणि विक्रेता आपल्याला सर्वांत स्वस्त पडेल तोच उपाय ‘योग्य’ मानणार, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घरी कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईंनी 24,000 रुपयांचे मोटरवर चालणारे शिलाई यंत्र घेतले. हमी एका वर्षाची. पाच महिन्यांत मोटर तीनदा जळाली. तिन्ही वेळा दुरुस्ती झाली आणि या सर्व खटाटोपात यंत्र 22 दिवस बंद राहिले. बाईंनी ‘योग्य तो न्याय’ मागितला, तर उत्तर ठरलेले आहे: ‘आमचा कारागीर पुन्हा येऊन पाहील.’ चौथ्यांदा मोटर बदलली जाईल, तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होईल आणि कागदोपत्री कंपनीने तिची मागणी पूर्ण केलेली असेल.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 मध्ये आयोग कोणते आदेश देऊ शकतो ते सांगितले आहे. त्यांपैकी चार नित्याच्या उपयोगाचे आहेत: दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे. पहिले तीन उपाय एकमेकांचे पर्याय आहेत. पैसे परत घ्यावयाचे आणि नवे यंत्रही घ्यावयाचे, असे होऊ शकत नाही. नुकसानभरपाई मात्र या तिघांपैकी कोणत्याही एकासोबत मागता येते. पुष्कळ अर्जांत हा भेद न ओळखता चारही गोष्टी एका दमात मागितल्या जातात, आणि तक्रारदाराला काय हवे ते त्याचे त्यालाच ठाऊक नाही, असे म्हणण्याची आयती संधी प्रतिपक्षाला मिळते.

म्हणून निवड आधी करावी, आणि ती दोषाच्या स्वरूपावरून करावी. दोष पहिल्यांदाच आला असेल व एखादा भाग बदलून तो जाणार असेल, तर दुरुस्तीची मागणी रास्त. मात्र कोणता भाग, किती दिवसांत, आणि खर्च कोणाचा, हे लिहावे. एखादाच नग सदोष असेल तर बदलीची मागणी करावी. त्यात ‘त्याच प्रकारचे, नवे, न वापरलेले यंत्र आणि ते मिळाल्या दिवसापासून पूर्ण वर्षाची हमी’ हे शब्द नसतील, तर दुरुस्त केलेले जुने यंत्र उरलेल्या हमीसह माथी मारले जाऊ शकते. आपल्या उदाहरणात तीच मोटर तीनदा जळाली आहे. दोष रचनेतलाच असण्याचा संभव आहे आणि तसे असेल तर बदलून आलेले यंत्रही जळेल. सबब येथे मुख्य मागणी किंमत परत मिळण्याचीच हवी. त्याबरोबर यंत्र परत करण्याची तयारीही नमूद करावी. ती मागणी अमान्य झाल्यास पर्याय म्हणून बदली मागावी. ‘मुख्य’ आणि ‘पर्यायी’ हे दोन शब्द स्पष्ट लिहिले की विसंगतीचा आक्षेप उरत नाही.

आता भरपाई. बाईंच्या वहीप्रमाणे दोरा, वीज इत्यादी खर्च वजा जाता दिवसाची सरासरी कमाई 350 रुपये आहे. 22 दिवसांचे 7,700 झाले. यंत्र नेण्या-आणण्याच्या तीन खेपांचे, प्रत्येकी 400 प्रमाणे, 1,200. एकूण 8,900 रुपये. यांतील प्रत्येक आकड्यामागे वही, पावती किंवा दुरुस्तीची चिठ्ठी आहे. बंद काळात शेजारणीच्या यंत्रावर काही काम केले असेल तर ती कमाई वजा करावी. मनस्तापाचे 5,000 आणि तक्रारीच्या खर्चाचे 3,000 वेगळे लिहावेत. ते अंदाजाचे आकडे आहेत आणि हिशेबाच्या आकड्यांत मिसळले तर हिशेबाचेही वजन जाते. किमतीवरील व्याज नोटिशीची मुदत संपल्या दिवसापासून मागावे. खरेदीपासूनचे व्याज आणि बंद दिवसांची कमाई दोन्ही मागितल्यास एकच नुकसान दोनदा मोजल्याचा आक्षेप येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग या प्रकरणात हेच तत्त्व मांडले. सर्व प्रकरणांत सरसकट 18 टक्के व्याज देण्याची पद्धत न्यायालयाने अमान्य केली. भरपाईचा नुकसानीशी संबंध दिसला पाहिजे, असे सांगितले. ज्याला घर मिळाले त्याची भरपाई आणि ज्याला केवळ पैसे परत मिळाले त्याची भरपाई एकच असू शकत नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे कोणता उपाय मागितला, त्यावर भरपाईचे मोजमापही अवलंबून असते.

मागणी फुगविण्यानेही लाभ नाही. 1986 च्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई मिळून कोणत्या मंचाकडे जायचे ते ठरत असे. 2019 च्या कायद्याने ते प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. स्वतःच्या हाताने काम करून उपजीविका करणारी व्यक्ती यंत्र कामासाठी वापरत असली तरी ग्राहकच ठरते, हेही अर्जात एका वाक्यात लिहून टाकावे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

संदिग्धतेचा शेवटचा फटका बसतो तो अंमलबजावणीत. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास कलम 72 खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 25,000 ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण आदेश मोडला हे दाखवायचे तर कोणी, किती, कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचे होते ते आदेशात असावे लागते, आणि आदेश सामान्यतः मागणीच्या चौकटीतच येतो. म्हणून विक्रेता व उत्पादक यांनी वैयक्तिक व संयुक्तरीत्या अमुक रक्कम अमुक दिवसांत द्यावी, असे मागितले पाहिजे. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

नेमक्या मागणीने दोष सिद्ध होत नाही, हे खरे. तो तक्रारदारालाच सिद्ध करावा लागतो. वाद उद्भवल्यास वस्तू प्रयोगशाळेकडे जाऊ शकते, म्हणून यंत्र विकू नये की बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेऊ नये. तडजोडीत ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही करण्यापूर्वी आपली मागणी आणि हाती येणारी रक्कम शेजारी ठेवून पाहावी. ज्याने मागणी आकड्यांत लिहिलेली आहे, त्यालाच ही तुलना करता येते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी अर्जाचा शेवट असा करावा: ‘नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत यंत्राची किंमत 24,000 रुपये परत करून यंत्र घेऊन जावे, नुकसानीचे 8,900, मनस्तापाचे 5,000 व खर्चाचे 3,000, एकूण 40,900 रुपये द्यावेत, विलंब झाल्यास किमतीवर द. सा. द. शे. 9 टक्के व्याज द्यावे. किंमत परत करणे अमान्य झाल्यास भरपाई व खर्चासह त्याच प्रकारचे नवे यंत्र पूर्ण हमीसह द्यावे.’ एवढे लिहिल्यावर मेहेरबानीची भाषा आपोआप गळून पडते. उरतो तो केवळ हिशेब, आणि त्याला ‘पाहू’ हे उत्तर चालत नाही.