हजार सबस्क्रायबर झाले, तरी पैसे का नाहीत?

आमच्या एका वाचक भगिनीने कळवळून लिहिले आहे. त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करता करता यूट्यूबवर चॅनेल चालवतो. त्यासाठी वडिलांनी हप्त्यावर फोन घेऊन दिला. हजारावर सबस्क्रायबर झाले, ४,००० तासांची अट पूर्ण झाली, म्हणून मुलाने जाहिरातीच्या उत्पन्नासाठी अर्ज केला. उत्तर आले ते नकाराचे, आणि कारण म्हणून पडद्यावर Reused content असे दोनच शब्द. बाई विचारतात, "कुणाची तक्रार नाही, कुणाची नोटीस नाही, मग माझ्या लेकाने चोरी केली असे हे का म्हणतात?"

ताई, तसे कुणी म्हटलेले नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. दुसऱ्याची वस्तू परवानगीवाचून वापरणे हा कॉपीराइटचा प्रश्न झाला. त्यात मूळ मालक तक्रार करतो. 'रीयूज्ड' म्हणजे पुनर्वापर, आणि तो प्रश्न निराळा आहे. तिथे यूट्यूब एवढेच विचारते, की या मालात तुमची स्वतःची भर कोणती? मालकाने लेखी परवानगी दिली असली तरी हा प्रश्न सुटत नाही. खाली "श्रेय मूळ मालकाचे" असे लिहिल्याने तर मुळीच सुटत नाही.

आम्ही मुलाकडून चॅनेलचा हिशेब मागवला. त्याने तो मोकळेपणाने दिला, हे बरे झाले. एकूण व्हिडिओ २१२. त्यांपैकी ४० म्हणजे अधिकाऱ्यांच्या भाषणांचे तुकडे, खाली मराठी अक्षरे आणि मागे संगीत. १६० व्हिडिओ प्रश्नोत्तरांचे: तीच निळी पाटी, एक प्रश्न, चार पर्याय, दहा सेकंद टिकटिक आणि मग उत्तर. उरलेले १२ मात्र त्याने स्वतः फळ्यावर गणिते सोडवून दाखवलेले.

आता पाहिले गेलेले तास बघा. एकूण ४,३६० तासांपैकी २,९०० भाषणांच्या तुकड्यांचे, १,१०० प्रश्नपाट्यांचे आणि अवघे ३६० फळ्यावरच्या गणितांचे. अर्ज आल्यावर यूट्यूबची माणसे सगळे व्हिडिओ पाहत बसत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांवर सर्वाधिक वेळ गेला ते व्हिडिओ, तसेच शीर्षके, चित्रे आणि चॅनेलची माहिती, यांवर त्यांची नजर जाते. या मुलाच्या चॅनेलवर त्यांना काय दिसले असेल? दुसऱ्यांची भाषणे. त्याची स्वतःची मेहनत खाली दडून राहिली. निर्णय साऱ्या चॅनेलचा होतो. बारा चांगले व्हिडिओ दोनशेंना तारून नेत नाहीत.

प्रश्नपाट्यांचे दुखणे वेगळे आहे. समजा, त्यातले प्रश्न त्याने स्वतः काढले असते, तरीही अडचण आलीच असती. एकाच साच्यातून छापल्यासारखा ढिगाने केलेला माल उत्पन्नाला पात्र नाही, हा नियम जुनाच आहे. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने त्याचे नाव बदलून Inauthentic content असे केले, तेव्हा नवाच कायदा आला अशी आवई उठली होती. सुरुवातीचे आणि शेवटचे संगीत दर वेळी तेच असले तर हरकत नाही. मधला गाभा वेगळा पाहिजे. घरच्या घरी एक परीक्षा करावी: कोणतेही दोन व्हिडिओ शेजारी ठेवून शेजारच्या पोराला दाखवावेत. आकडे सोडून दोहोंत फरक काय, हे त्याला सांगता आले नाही, तर समजावे.

मग करायचे काय? कुणी म्हणेल, भाषणांचे तुकडे काढून टाका आणि पुन्हा अर्ज करा. काढायला हवेतच, पण त्याची किंमत आधी ठाऊक असावी. पुसलेल्या किंवा खाजगी केलेल्या व्हिडिओचे तास अटीत धरत नाहीत. ४,३६० मधून २,९०० गेले की उरतात १,४६०. म्हणजे २,५४० तास नव्याने मिळवायचे. शिवाय अट मागील १२ महिन्यांची असल्याने जुने तास मागून गळतच असतात. शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेला वेळ या ४,००० तासांत मोजत नाहीत. नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो हे खरे; पण या मुलाचे काम तीस दिवसांत होणारे नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. शिवाय चढवलेला व्हिडिओ काढून त्याच पत्त्यावर दुसरा बसवता येत नाही. सुधारलेला व्हिडिओ नवा म्हणूनच शून्यापासून सुरू होतो.

आता भर घालणे म्हणजे काय ते त्याच्याच एका पाटीवर पाहू. प्रश्न असा: १५० मीटर लांबीची रेल्वे ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावते, तर विजेचा खांब ओलांडायला किती सेकंद लागतील? पाटीवर उत्तर येते, १०. संपले. असे व्हिडिओ हजारोंनी पडले आहेत.

तोच मुलगा फळ्यापाशी उभा राहून सांगू लागला, की पुष्कळ पोरे १५० ला सरळ ५४ ने भागतात आणि फसतात. एक मीटरमध्ये आहे, दुसरे किलोमीटरमध्ये; एकाला सेकंद हवा, दुसऱ्याला तास. तासात ३,६०० सेकंद, किलोमीटरमध्ये १,००० मीटर, म्हणून ५४ ला १,००० ने गुणून ३,६०० ने भागायचे. आले सेकंदाला १५ मीटर. १५० भागिले १५, उत्तर १०. मग तो विचारतो, खांबाऐवजी ३०० मीटरचा फलाट असेल तर? गाडीला स्वतःची लांबीही ओलांडायची असते, म्हणून ४५० भागिले १५, म्हणजे ३० सेकंद. प्रश्न जुनाच राहिला. पण पोरे कुठे चुकतात हे सांगणारा माणूस त्यात आला. याच्यासाठी चेहरा दाखवायलाच हवा असे नाही. हात, फळा आणि स्वतःचा आवाज पुरेसा आहे.

भाषणेही पूर्णपणे वर्ज्य नाहीत. धावण्याच्या चाचणीवर अधिकारी बोलत असेल, तर त्याचे अर्धे मिनिट लावावे, थांबवावे आणि आपण स्वतः मैदानावर काय अनुभवले, कुठे दम लागला, हे सांगावे. आपले बोलणे हाच गाभा आणि तुकडा नावापुरता, असे प्रमाण असावे. मात्र इथे मघाचा कॉपीराइटचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. टिप्पणी केली म्हणून मालकाचा हक्क आपोआप संपत नाही.

नकाराविरुद्ध २१ दिवसांत दाद मागता येते, असे त्या मुलाने विचारले आहे. येते. पण दाद म्हणजे आहे त्या चॅनेलचा बचाव, आणि आजच्या स्थितीत तो टिकणार नाही, असे आमचे मत आहे. पुढे कधी फळ्याचे व्हिडिओ बहुसंख्य झाल्यावरही नकार आला, तर जरूर मागावी. त्यासाठी जास्तीत जास्त ५ मिनिटांचा व्हिडिओ करता येतो. पहिल्या ३० सेकंदांत चॅनेलचा पत्ता द्यायचा आणि काम कसे करतो ते दाखवायचे. म्हणून गणिते मांडलेली वही आणि न कापलेले मूळ चित्रीकरण आतापासून जपून ठेवावे. फोन भरला म्हणून पुसू नये.