छताचा रंग फरशी पाहून ठरवा

रंगकामात भिंतींच्या शेडवर आठवडाभर चर्चा होते आणि छताच्या रकान्यात ‘पांढरा’ एवढेच लिहून कोटेशन पुढे जाते. शुभ्र पांढरा सर्वाधिक प्रकाश परत देतो, म्हणून तो कुठेही चालतो, असे आपण धरून चालतो. यातले पहिले खरे आहे, दुसरे नाही. ऊन आणि आकाशाचा उजेड खिडकीतून वरून खाली येतो, तो छतावर सरळ पडतच नाही. छताला मिळतो तो फरशीवरून, बाहेरच्या अंगणावरून आणि समोरच्या इमारतीवरून उलटून वर गेलेला उजेड. त्यामुळे खोलीचे तोंड कुठल्या दिशेला आहे हे पाहून काम अर्धेच होते. उजेड कशावरून उसळून वर जातो हेही पाहावे लागते, आणि नेमके तेच आपण पाहत नाही.

पुण्यातला एक उत्तराभिमुख दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिथे दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. एरवी अशा खोलीत मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड येतो. खाली पॉलिश केलेली हिरवट-करडी कोटा फरशी आहे. ती पडलेल्या उजेडाचा ढोबळमानाने चौथा हिस्सा परत देते. त्याच जागी हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल असती, तर निम्म्याहून अधिक मिळाला असता. आता दोन्हींवर एकाच डब्यातला शुभ्र पांढरा लावला, तर टाइलवरचे छत पांढरे दिसेल आणि कोटावरचे, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, राखाडी. डोळा पांढरेपणा तुलनेने ठरवतो, आणि तुलनेला शेजारी खिडकीतले लख्ख आकाश असते. उजेडच कमी मिळालेला पांढरा मग मळका वाटतो. रंगाचा दर्जा चांगला असूनही ‘छत काळवंडल्यासारखे दिसते’ ही तक्रार अनेकदा इथून येते.

अशा खोलीत ऑफ-व्हाइट घ्यावा, पण कुठलाही नव्हे. पिवळ्या ऑक्साइडबरोबर लाल ऑक्साइडचा थेंब असलेली शेड हवी. नुसत्या पिवळ्यावर बेतलेला ऑफ-व्हाइट कोटाच्या हिरवट उजेडात, किंवा खिडकीबाहेर दाट झाड असेल तर पावसाळ्यात, सरळ हिरवट दिसू लागतो. काळ्या टिंटरने ‘मवाळ’ केलेले पांढरे तर इथे नकोच; राखाडीपणाच घालवायचा असताना ते त्यात भर घालते.

यावर आक्षेप येतो की अंधाऱ्या खोलीत प्रकाश कमी करणारा रंग का सुचवावा. शुभ्र पांढऱ्याचा एलआरव्ही 87च्या आसपास आणि फिकट ऑफ-व्हाइटचा 80 धरला, तर छत परत देते त्यात आठेक टक्क्यांची घट होते. एवढा फरक डोळ्याला सहज जाणवत नाही, छताची छटा मात्र लगेच जाणवते. हा हिशेब फिकट ऑफ-व्हाइटपुरताच खरा आहे. 65च्या टिंटेड शेडला तो लागू नाही, कारण तिथे उजेड खरोखरच घटतो.

पश्चिमेच्या खोलीत गणित उलटते. संध्याकाळचे तिरपे ऊन फरशीवर पडून पिवळसर होऊन वर जाते. खाली लाकडी किंवा बदामी टाइल असेल, तर तोच ऑफ-व्हाइट अगदी जुनाट पिवळा दिसतो. इथे शुभ्र पांढराच योग्य, कारण उबदारपणा फरशी पुरवतेच आहे. मात्र छत कोणतेही असो, पीओपीच्या कॉर्निसला दुसरा पांढरा लावू नये. शुभ्र पट्टीशेजारी चांगला ऑफ-व्हाइटही मळका दिसतो.

टिंटेड छताला आमचा विरोध नाही. खिडकी नसलेला बोळ किंवा छोटी पावडर रूम ही त्याची खरी जागा. तिथे दिवसाचा उजेड पोचतच नाही, म्हणून पांढऱ्याला राखाडी होण्यावाचून गत्यंतर नसते. भिंतीचीच शेड पातळ करून वर नेली, की निदान ती सावली हेतुपूर्वक दिसते. टचअपची अडचण मात्र खरी आहे. टिंटेड रंगात पुढच्या खेपेचा डबा जुळेलच असे नाही. म्हणून शेडचा कोड आणि बॅच नोंदवून एक लिटर राखून ठेवावा.

राहिला दिव्यांचा मुद्दा. कोव्हमध्ये 3000 केल्विनची पट्टी असेल, तर ऑफ-व्हाइट रात्री एक पायरी पिवळा होतो. 4000ची पट्टी लावावी किंवा शेड एक पायरी फिकी घ्यावी.

चाचणीतली मोठी चूक साइटवरच होते. रंगकाम चालू असताना फरशीवर प्लास्टिक आणि त्यावर पीओपीचा थर, म्हणजे खाली जवळजवळ पांढरी जमीन असते. त्या उजेडात पसंत केलेले छत फरशी उघडी झाली की बदलते. म्हणून दोन बाय दोन फुटांच्या फळीवर दोन हात देऊन ती वाळू द्यावी, खिडकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात छताला चिकटवावी आणि तिच्याखालचे जमेल तेवढे आच्छादन काढावे. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लावून पाहावे. शेजारी छपाईचा कोरा पांढरा कागद धरला, तर छटा कोणत्या बाजूला झुकते ते लगेच कळते.