थकलेला पाव पगार

31 मार्च 2020 रोजी राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी सरकारी कर्मचाऱ्यांचा त्या महिन्याचा पगार दोन टप्प्यांत देण्याची घोषणा केली: अ-ब वर्गाला आधी निम्मा, क वर्गाला 75 टक्के, ड वर्गाला पूर्ण. डाळज गावच्या जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक क वर्गातला. समजा, त्याचा पगार 40,000. मार्चचे 30,000 आले, पुढे पूर्ण 40,000, आणि थकबाकी मिळते त्या महिन्यात 50,000. ही पगारवाढ नव्हे. जादा 10,000 मार्चचेच. म्हणून पगारपत्रकात ते ‘मार्चची थकबाकी’ म्हणून वेगळे दाखवायलाच हवेत. मूळ वेतनात मिसळले, तर कर्ज देणारी बँकही फसते. आणि ती थकबाकीची ओळ कधीच आली नाही, तर लांबणीवर टाकलेला पगार म्हणजे सरळ कपातच.