लस टोचलेली जागा लाल झाली तर

दीड महिन्याच्या बाळाला मांडीत पेंटाव्हॅलंट लस टोचली, की एक-दोन दिवसांत तिथे लाली, सूज येऊ शकते. ही लशीचीच प्रतिक्रिया असते. भगिनींनो, ती जागा चोळू नका, हळद लावू नका. थंड पाण्याची स्वच्छ पट्टी ठेवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा. दोन-तीन दिवसांत लाली आत ओसरली, तर काळजी नको. न दुखणारी छोटी गाठ काही आठवडे राहू शकते.

मात्र तिसऱ्या दिवसानंतर लाली रेघेबाहेर पसरली, दुखणे वाढले, नव्याने ताप आला किंवा गाठ मऊ पडून पू दिसला, तर जंतुसंसर्ग किंवा गळू असू शकतो. घरी फोडू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा घाटीत दाखवा.