एकशे अठ्ठावीस रुपये कमी पडले म्हणून

मिरजेच्या आमच्या एका वाचक भगिनीने गेल्या महिन्यात आम्हाला पासबुकाच्या एका पानाची झेरॉक्स पाठवली. सोबत एकच ओळ होती : "हे पैसे कुणी आणि का कापले, तेवढे समजावून सांगा." मुलाच्या स्कूटरसाठी त्यांनी कर्ज काढले आहे. हप्ता 3,640 रुपयांचा, तारीख पाच. हप्ता त्यांच्या खात्यातून आपोआप जातो. मुलगा आपल्या पगारातून पैसे अम्मीच्या खात्यात टाकतो, पण पगार होतो सात तारखेला. एरवी थोडी शिल्लक असायची, म्हणून निभावून जाई. त्या महिन्यात पाच तारखेला खात्यात 3,512 रुपये होते. म्हणजे 128 रुपये कमी.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यावी. आपोआप कापला जाणारा हप्ता अर्धामुर्धा कापला जात नाही. कर्ज देणारी कंपनी ठरल्या तारखेला आपल्या बँकेकडे पूर्ण रकमेची मागणी पाठवते. ही देवघेव 'नॅच' नावाच्या यंत्रणेतून होते आणि ती 'एनपीसीआय' ही संस्था चालवते. खात्यात पूर्ण रक्कम असेल तर ती जाते, एक रुपया जरी कमी असला तरी मागणी परत फिरते. शिवाय 1 ऑगस्ट 2021 पासून ही यंत्रणा रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालू असते. पूर्वी पाच तारखेला रविवार आला की एक दिवस आपसूक मिळायचा. आता तो भरवसा उरलेला नाही. मागणी अनेकदा सकाळी लवकरच येते, तेव्हा दुपारी बँकेत जाऊन पैसे भरणाऱ्याची धावपळ फुकट जाते.

मागणी परत गेली की दोन्हीकडून आकार लागतो. या भगिनीच्या बँकेने 250 रुपये आणि त्यावर जीएसटी 45, असे 295 रुपये लगेच खात्यातून काढले. पासबुकात त्या नोंदीपुढे RTN आणि CHG अशी अक्षरे आहेत, ती परतीच्या आकाराची. दुसरा आकार पासबुकात दिसत नाही, कारण तो कंपनी आपल्या कर्जखात्यावर चढवते. त्यांच्या कंपनीचा तो करासह 531 रुपये होता. 128 रुपयांच्या तुटीला 826 रुपये! हे आकडे सगळीकडे सारखे नसतात. रिझर्व्ह बँकेने त्यांची एकच रक्कम ठरवून दिलेली नाही. प्रत्येक बँक आपले दरपत्रक लावते.

खरे नुकसान मात्र यानंतर झाले, आणि तेच आम्हाला नीट सांगायचे आहे. सात तारखेला भगिनींनी हिशेब केला : 128 कमी होते, आपण 200 टाकू. हिशेब मनातल्या मनात बरोबर होता, पण जुन्या शिलकीवर केलेला होता. बँकेने 295 काढल्यावर खात्यात 3,217 उरले होते. त्यात 200 मिळवले की 3,417 होतात. नऊ तारखेला कंपनीने तीच मागणी पुन्हा पाठवली आणि ती पुन्हा परत गेली, या वेळी 223 रुपयांसाठी. बँकेचे आणखी 295, कंपनीचे आणखी 531. दोन वेळचे मिळून 1,652 रुपये झाले, आणि हप्ता अजून बाकीच होता.

कंपनी एकाच महिन्यात दुसऱ्यांदा मागणी पाठवू शकते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसते. आणखी एक फसगत आहे. परतीचा आकार घ्यायला खात्यात पैसे नसतील तर काही बँका तो येणे म्हणून अडवून ठेवतात आणि पैसे जमा होताच आधी तो वसूल करतात. तुम्ही मोजून हप्त्याइतकेच पैसे भरलेत तर हप्त्याच्या वेळी ते कमी पडणारच. म्हणून एकदा मागणी परत गेली असेल तर पैसे भरण्याआधी ताजी शिलक पाहावी आणि हप्ता अधिक अडकलेला आकार अधिक थोडे वरचे, असे भरावे.

मागणी परत गेल्याचा मेसेज आला त्याच दिवशी कंपनीला फोन करावा. दोन प्रश्न विचारावेत : मागणी पुन्हा पाठवणार का आणि कधी? आणि आज ऑनलाइन भरले तर ती थांबेल का? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण आपण लिंकवरून भरले आणि इकडे पुन्हा मागणी आली तर दोन हप्ते जातात. ते परत मिळवण्यात आठवडे जातात. भरल्याची पावती जपून ठेवावी. पहिल्यांदाच असे झाले असेल तर आकार माफ करण्याची विनंती जरूर करावी. मागण्यात कमीपणा काही नाही. आमच्या भगिनींना कंपनीने एका वेळचे 531 सोडले. बँकेने काही सोडले नाही.

उशिराचा दंड हा वेगळाच आकार असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांवर तो व्याजदरात मिसळून घेता येत नाही, आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. कर्ज देताना मिळणाऱ्या महत्त्वाच्या माहितीच्या पत्रकात, ज्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात, हे आकार लिहिलेले असायला हवेत, आणि ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. ते मागून घ्यावे.

आता पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करायचे? दर महिन्याला आठवण ठेवणे हा उपाय नाही, मूळ दुखणे तारखेचे आहे. पगार सातला आणि हप्ता पाचला, हे कधी ना कधी चुकणारच. कंपनीला लेखी अर्ज देऊन तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची मागता येते. कंपनी मान्य करील तर मधल्या दिवसांचे व्याज लागते, ते आधी विचारून घ्यावे. नवी तारीख लेखी कळेपर्यंत जुन्या तारखेलाच पैसे ठेवावेत. दुसरा मार्ग म्हणजे हप्ता ज्या खात्यात पगार येतो त्याच खात्यातून जाईल असे नवे संमतिपत्र देणे. तेव्हा जुने संमतिपत्र रद्द झाल्याची खात्री करावी, त्यावर यूएमआरएन नावाचा क्रमांक असतो, तो सांगितला की बँकेला शोधणे सोपे जाते.

काही घरांत चिडून संमतिपत्रच बंद करून टाकतात. मागणी थांबते, पण देणे थांबत नाही. उशिराची नोंद पतमाहितीत जाते. पैशांअभावी मागणी परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली गुन्हाही ठरू शकतो. नोटीस आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर तो धोका टळतो, म्हणून तसे पत्र आले तर बाजूला टाकू नये.

खात्यात पैसे असताना मागणी परत गेली, किंवा दरपत्रकापेक्षा जास्त आकार घेतला, तर मात्र गप्प बसू नये. आधी बँकेत किंवा कंपनीत लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा फोन आहे.

मिरजेच्या भगिनींच्या हप्त्याची तारीख आता दहा झाली आहे. त्यांनी त्या खात्यात हप्त्याखेरीज पाचशे रुपये कायम ठेवायचे ठरवले आहे आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड मुलाकडून काढून घेतले आहे.